लिलावात माहिती दडवली, तर तोटा तिजोरीचाच

सार्वजनिक मालमत्तेचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी एकच आकडा छापून येतो, सर्वांत मोठ्या बोलीचा. आकडा मोठा असेल तर सरकारने चांगली कमाई केली, लहान असेल तर कुठेतरी पाणी मुरले, असा निष्कर्ष लगेच निघतो. तेलाचे पट्टे, खाणी, दूरसंचाराच्या लहरी अशा गोष्टींच्या बाबतीत ही मोजपट्टी चुकीची आहे. या लिलावांत विकणाऱ्याच्या हातात खरोखर काय पडणार, हे मुख्यतः बोलीदारांना बोली लावण्याआधी काय माहीत होते यावर ठरते. म्हणून सरकारने आपल्याकडची माहिती आधी जाहीर करावी, शक्य तिथे बंद पाकिटांऐवजी खुला चढता लिलाव घ्यावा आणि उधारीवर बोली स्वीकारू नये, अशी माझी मागणी आहे. त्यामागे सचोटीचा मुद्दा आहेच, पण इथे मी निव्वळ हिशेबाचा मुद्दा मांडणार आहे.

या मालमत्तांचे वैशिष्ट्य असे, की त्यांची किंमत सगळ्यांसाठी जवळपास सारखीच असते, फक्त ती आधी कोणालाच माहीत नसते. जमिनीखाली जेवढे तेल आहे तेवढेच आहे, पट्टा कोणत्याही कंपनीला मिळो. प्रत्येकाकडे असतो तो आपापला अंदाज. एखाद्या चित्राच्या लिलावात कोणाला ते जास्त आवडते आणि म्हणून तो जास्त पैसे देतो, तशी ही गोष्ट नाही. इथे जास्त बोली लावणाऱ्याचा अंदाज जास्त असतो, आणि सर्वांत जास्त अंदाज हा बहुतेक वेळा खऱ्या किमतीहून फुगलेला अंदाज असतो. लिलाव जिंकणे हीच एक वाईट बातमी ठरते: बाकी सगळ्यांना ही वस्तू आपल्यापेक्षा कमी मोलाची वाटली होती. हाच विजेत्याचा शाप.

ही गोष्ट नेमकेपणाने पहिल्यांदा मांडली ती तेल कंपनीतल्या अभियंत्यांनी. अटलांटिक रिचफील्डच्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघांनी १९७१ साली एक लेख लिहिला. मेक्सिकोच्या आखातातल्या पट्ट्यांवर उद्योगाला मिळणारा परतावा अपेक्षेपेक्षा इतका कमी का, हा त्यांचा प्रश्न होता. अलास्काच्या उत्तर उतारावरच्या १९६९ च्या लिलावाचे आकडे त्यांनी पुढे ठेवले. जिंकलेल्या बोलींची बेरीज ९० कोटी डॉलर होती आणि त्याच पट्ट्यांवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बोलींची बेरीज फक्त ३७ कोटी. सुमारे चतुर्थांश पट्ट्यांवर विजेत्याची बोली दुसऱ्या बोलीच्या चौपट किंवा त्याहून जास्त होती. एवढ्यावरून प्रत्येक विजेता बुडाला असे म्हणता येत नाही. त्या भागात तेल खरोखरच प्रचंड निघाले. पण जवळपास तीच माहिती हाताशी असलेल्या निष्णात कंपन्यांचे अंदाज एकमेकांपासून किती दूर असू शकतात, हे त्यातून स्पष्ट दिसते. आणि अंदाजांची पांगापांग जितकी मोठी, तितका शाप मोठा.

आता हा शाप आकड्यांत पाहू. एका पट्ट्याची खरी किंमत १०० आहे, पण ती कोणालाच ठाऊक नाही. चार कंपन्या आपापले सर्वेक्षण करतात. प्रत्येकीचा अंदाज खऱ्या किमतीच्या २० खाली ते २० वर या पट्टीत कुठेही, सारख्याच शक्यतेने पडू शकतो. म्हणजे ८० ते १२० मध्ये कुठेही. कोणाचाही अंदाज पक्षपाती नाही, प्रत्येकीची सरासरी बरोबर १०० च येते. पण असे चार अंदाज चढत्या क्रमाने लावले, तर सरासरीने ते ८८, ९६, १०४ आणि ११२ वर पडतात. सर्वांत वरचा अंदाज सरासरीने १२ ने जास्त असतो. प्रत्येक कंपनीने आपला अंदाज हीच बोली म्हणून पाकिटात घातली, तर विजेती कंपनी सरासरीने १२ गमावेल. कोणाचेही गणित चुकलेले नसताना हा तोटा होतो, हे लक्षात घ्यावे. कंपन्या चारऐवजी नऊ असत्या, तर सर्वांत वरचा अंदाज सरासरीने ११६ वर गेला असता.

शहाणी कंपनी इथे काय करते? तिच्या हातात स्वतःचा एकच अंदाज आहे. समजा दुसऱ्या एका पट्ट्यावर, चुकीची पट्टी तीच असताना, तो १५० आहे. ‘या पट्ट्याची किंमत किती?’ हा प्रश्न ती विचारत नाही. ती विचारते, ‘माझा १५० हा चौघांत सर्वांत वरचा ठरला, असे धरले तर किंमत किती?’ कारण तिची बोली फक्त त्याच परिस्थितीत उपयोगी पडणार आहे. हरली तर बोलीचा आकडा कितीही असो, फरक पडत नाही. वरचा हिशेब सांगतो की चौघांत सर्वांत वरचा अंदाज १२ ने फुगलेला असतो, म्हणून उत्तर १३८. ही झाली पहिली कपात, आणि ती फक्त तोटा टाळण्यासाठी आहे. १३८ ची बोली लावून जिंकली, तर सरासरीने हातात शून्य उरेल. काही कमवायचे असेल तर आणखी खाली यावे लागेल, पण फार खाली आलो तर पट्टाच दुसऱ्याकडे जाईल. बाकीचेही असाच विचार करतात असे धरून हा तोल सोडवला, तर या उदाहरणात एकूण कपात २० निघते: १२ शापासाठी आणि ८ नफ्यासाठी. बोली होते १३०. (यात एक गृहीत आहे, की सर्वेक्षणाआधी कोणतीही किंमत तितकीच संभवनीय होती. अंदाज शक्यतेच्या टोकापाशी असेल तर आकडा थोडा बदलतो.)

या हिशेबातला सर्वांत बोलका भाग प्रतिस्पर्धी वाढवल्यावर दिसतो. चारऐवजी नऊ कंपन्या आल्या की शापासाठीची कपात १२ वरून १६ वर जाते आणि नफ्यासाठीची ८ वरून ४ वर येते. एकूण कपात २० च राहते. म्हणजे स्पर्धा दुपटीहून जास्त झाली तरी १५० चा अंदाज असलेल्या कंपनीने १३० च्या वर जायचे काही कारण नाही. ‘लोक जास्त आलेत, आता चढवून बोलायला हवे’ ही लिलावगृहातली स्वाभाविक ऊर्मी इथे थेट खड्ड्यात नेते. केपन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलीदारांना दिलेला सल्लाही याच अंगाचा होता: आपल्या अंदाजाबद्दल खात्री कमी असेल तर बोली कमी ठेवा, प्रतिस्पर्ध्यांपेक्षा माहिती कमी असेल तर कमी ठेवा, आणि बोलीदार तिघांच्या वर गेले तर आणखी कमी ठेवा.

प्रत्यक्षात अंदाजांची चूक इतकी नीटस पट्टीत बसत नाही. तेलाच्या बाबतीत ती बेरजेपेक्षा गुणाकाराने वागते: कोणी निम्मा अंदाज करतो, तर कोणी तिप्पट. तिथे कागदावरचे सूत्र चालत नाही, पण पद्धत तीच राहते. आधी जुन्या पट्ट्यांवरचे आपले लिलावापूर्वीचे अंदाज आणि पुढे प्रत्यक्ष निघालेली किंमत यांची तुलना करून आपली चूक साधारण किती पांगते ते काढायचे. मग गंभीर बोलीदार किती असतील याचा अंदाज घ्यायचा. नुसते अर्ज नेणारे यात मोजायचे नाहीत. त्यानंतर संगणकावर एक खरी किंमत धरून तेवढ्या बोलीदारांसाठी तेवढ्याच पांगापांगीचे अंदाज हजारो वेळा काढायचे, दर वेळी सर्वांत वरचा अंदाज खऱ्या किमतीच्या किती पट होता ते नोंदवायचे आणि त्याच्या सरासरीने आपला अंदाज भागायचा. नफ्याची कपात त्यानंतर, आणि वेगळी. या दोन कपाती एकत्र मिसळल्या की गोंधळ होतो. व्यवस्थापनाला वाटते आपण भरपूर नफा ठेवून बोली लावली आहे, आणि तो नफा प्रत्यक्षात शापानेच खाल्लेला असतो.

कंपनी शापात सापडली आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. जिंकलेल्या आणि हरलेल्या अशा सगळ्या पट्ट्यांवरचे अंदाज पुढच्या खऱ्या किमतीशी ताडून पाहा, आणि मग फक्त जिंकलेल्या पट्ट्यांवरचे ताडून पाहा. पहिल्या यादीत अंदाज सरासरीने बरोबर असतील आणि दुसऱ्या यादीत फुगलेले, तर भूगर्भतज्ज्ञांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांचे काम ठीक आहे, बोली ठरवणाऱ्यांनी पुरेशी कपात केलेली नाही. कित्येक ठिकाणी याच क्षणी उलटा उपाय होतो. तज्ज्ञांनाच ‘जरा हात आखडता घ्या’ असे सांगितले जाते. मग ते सगळेच अंदाज दाबतात, त्यावर बोलीवाले पुन्हा कपात करतात आणि चांगले पट्टेही हातचे जातात.

इथवर झाला बोलीदाराचा हिशेब. आता तोच हिशेब विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. चार कंपन्यांच्या उदाहरणात विजेतीचा अंदाज सरासरीने ११२, कपात २०, म्हणजे तिजोरीत ९२ आले. मालमत्ता १०० ची होती. मधले ८ कुठे गेले? ते कंपन्यांच्या अज्ञानाचे मोल आहे, आणि ते विकणाऱ्याने भरले. या ८ चा आकडा थेट अंदाजांच्या पांगापांगीशी बांधलेला आहे. सरकारने स्वतःकडचे सर्वेक्षण, खोदकामाच्या नोंदी, नमुन्यांचे अहवाल लिलावाआधी सगळ्यांना सारखेच उपलब्ध केले आणि त्यामुळे कंपन्यांची चूक २० वरून १० वर आली असे समजू. मग सर्वांत वरचा अंदाज सरासरीने १०६, कपात १०, आणि तिजोरीत ९६. माहिती प्रतिकूल निघाली तर एखाद्या पट्ट्याची किंमत पडेल हे खरे, पण अनुकूल निघाली तर चढेलही. सरासरीने मात्र विकणाऱ्याचा फायदाच होतो, कारण बोलीदारांना भिण्यासारखे कमी उरते. फक्त चांगली बातमी तेवढी जाहीर करायचे धोरणही चालत नाही. शहाणा बोलीदार न छापलेल्या अहवालाचा अर्थ बरोबर लावतो.

लिलावाचा प्रकारही माहितीचेच काम करतो. त्याच चार कंपन्या बंद पाकिटांऐवजी खुल्या चढत्या लिलावात आल्या असे समजा. किंमत हळूहळू चढते आणि कोण केव्हा बाहेर पडते हे सगळ्यांना दिसते. ८८ चा अंदाज असलेली कंपनी ८८ ला बाहेर पडते. आता बाकीच्यांना सर्वांत खालचा अंदाज कळला. सगळे अंदाज एकाच पट्टीत विखुरलेले असल्याने, आपणच सर्वांत वर आहोत असे धरून काढलेला उत्तम तर्क म्हणजे सर्वांत खालचा अंदाज आणि स्वतःचा अंदाज यांचा मध्य. म्हणून ९६ वाली कंपनी ९२ ला थांबते, १०४ वाली ९६ ला थांबते, आणि पट्टा ११२ वालीला ९६ ला मिळतो. ती १०० पर्यंत गेली असती, म्हणजे नेमकी खऱ्या किमतीपर्यंत. तिला ४ चा नफा राहिला आणि तिजोरीत ९२ ऐवजी ९६ आले. प्रतिस्पर्ध्याची हार पाहायला मिळाली म्हणून बोलीदार धीट झाले, एवढेच यात घडले. मिलग्रॉम आणि वेबर यांनी १९८२ मध्ये हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केले. मिलग्रॉम आणि विल्सन यांना २०२० चे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

याच तत्त्वाचा तिसरा अवतार म्हणजे स्वामित्वधन. पैशाचा काही भाग प्रत्यक्ष निघणाऱ्या तेलाच्या प्रमाणात नंतर घ्यायचा, म्हणजे अंदाज चुकला तरी त्याची झळ कमी लागते आणि बोलीत कपातही कमी होते. अमेरिकेने आखातातल्या पट्ट्यांवर दीर्घकाळ उत्पादनाचा एक षष्ठांश हिस्सा घेतला. मात्र हा हिस्सा फार वाढवला तर विहिरीत तेल शिल्लक असतानाच ती बंद करणे कंपनीला परवडू लागते. या उपायाला मर्यादा आहे ती तिथे.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. बोलीदार एवढे शहाणे नसतात. मग त्यांना शापात पडू द्यावे, तिजोरीला जास्तच मिळेल. प्रयोगांत याला आधारही आहे. केगल आणि लेविन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनुभवी बोलीदार तीन-चारच्या गटात बरे कमावत होते. तेच सहा-सातच्या गटात गेले की तोट्यात जात. ‘थोडी कमी बोली लावावी’ एवढे ते अनुभवाने शिकले होते, ती किती कमी आणि का हे नव्हते. अशा मोठ्या गटांत जादा माहिती जाहीर केल्यावर विकणाऱ्याचे उत्पन्न घटले, कारण माहितीने फुगलेल्या बोली ताळ्यावर आणल्या. म्हणजे भोळ्या बोलीदारांपुढे माहिती दडवणे फायद्याचे ठरते, हे मान्य करायला हवे.

पण तो फायदा कागदावरच राहण्याची शक्यता मोठी असते, आणि त्याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. १९९६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने ‘सी ब्लॉक’ लहरींचा लिलाव छोट्या कंपन्यांसाठी राखून केला. सुरुवातीला दहा टक्के भरायचे आणि उरलेले दहा वर्षांच्या हप्त्यांत. बोली १००० कोटी डॉलरच्या वर गेल्या. एकट्या नेक्स्टवेव्ह कंपनीने ६३ परवान्यांसाठी सुमारे ४७० कोटी डॉलरची बोली लावली आणि १९९८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. परवाने न्यायालयात अडकले, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाविरुद्ध निकाल दिला. इतकी वर्षे त्या लहरींचा मोठा भाग वापराविना पडून राहिला.

हा लिलाव खुलाच होता, फेऱ्याफेऱ्यांनी चढत जाणारा. मग प्रकार योग्य असूनही घोटाळा का झाला? कारण बुडाल्यास हात वर करता येत असतील तर कपात करण्याचे कारणच उरत नाही. किंमत चढली तर परवाना आपला, पडली तर दहा टक्के गेले. अशी बोली ही किमतीचा अंदाज नसून स्वस्तातली पैज असते, आणि पैजेत सर्वांत बेफिकीर माणूस जिंकतो. म्हणून पैसे आधी घेणे किंवा पूर्ण रकमेची बँक हमी घेणे हा कारकुनी तपशील मानू नये. त्याच्याशिवाय वरचा सगळा हिशेब कोसळतो. कामाच्या निविदांत हाच शाप उलटा लागतो: सर्वांत कमी भाव भरणारा तो, ज्याने खर्च सर्वांत कमी धरला. तिथेही नंतर दर वाढवून मिळण्याची वाट मोकळी असली की ठेकेदार कमी भाव भरायला घाबरत नाही.

खुल्या लिलावाचीही एक अट आहे: येणारे पुरेसे असले पाहिजेत. नेदरलँड्समध्ये २००० सालच्या थ्रीजी मोबाइल लहरींच्या लिलावात पाच परवाने होते आणि पाच जुन्या कंपन्या. बाहेरच्याला वाटले, खुल्या लिलावात हे पाचजण दर वेळी आपल्यावर चढ बोलणार आणि आपण जिंकलोच तर जास्त दिले म्हणूनच जिंकणार. नवखे जवळपास फिरकलेच नाहीत आणि उत्पन्न अपेक्षेपेक्षा फारच कमी आले. शापाची भीती अशी कमी माहितीवाल्याला दारातच थांबवते. जिथे बोलीदार मोजकेच आणि एकमेकांना ओळखणारे असतील, तिथे बंद पाकिटे घेणेच बरे.

माहितीची विषमता किती महाग पडते याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मेक्सिकोच्या आखातातल्या शेजार-पट्ट्यांचा आहे. आधीच खोदकाम झालेल्या पट्ट्याला लागून असलेला पट्टा विकायला निघाला, की शेजारच्या पट्टेदाराला खाली काय आहे ते आतून कळलेले असते. बाकीच्यांना ते बाहेरून ताडावे लागते. हेंड्रिक्स आणि पोर्टर यांनी १९८८ मध्ये या लिलावांचा हिशेब मांडला. शेजारच्या कंपन्यांनी भरपूर नफा कमावला होता, बाहेरच्यांना सरासरीने जवळपास काहीच उरले नव्हते, आणि ज्या पट्ट्यांवर शेजाऱ्याने बोलीच लावली नाही ते घेणाऱ्या बाहेरच्या कंपन्या तोट्यात गेल्या होत्या. बाहेरचे लोक मूर्ख नव्हते. त्यांनी कपात बरोबर केली होती, म्हणूनच सरासरीने ते बुडाले नाहीत. पण त्यांच्या त्या कपातीमुळे शेजाऱ्याला चांगले पट्टे स्वस्तात मिळाले, आणि तो नफा सरकारच्या जमिनीतून, सरकारच्याच परवान्यावर मिळवलेल्या माहितीचा होता. पहिला पट्टा देतानाच, शेजारच्या पट्ट्याचा लिलाव निघेल तेव्हा तुमच्या विहिरींच्या नोंदी सर्व बोलीदारांसमोर ठेवल्या जातील, अशी अट करारात घालता येते. कंपनी त्या अटीपोटी पहिल्या बोलीत थोडी घट करील, कारण खोदून मिळणारे ज्ञान आता तिचे एकटीचे राहणार नाही. ती घट किती आणि पुढच्या लिलावांत वाढणारी रक्कम किती, याचा ताळा पट्ट्यांची रचना ठरवतानाच मांडायला हवा. एकाच तेलसाठ्यावर पसरलेले पट्टे टप्प्याटप्प्याने विकायचे असतील, तर ही अट सर्वांत जास्त कामाची ठरेल.